रेघ जवळच्या वस्तूची: डेप्थ आणि नॉर्मलवरून बाह्यरेषा काढताना

त्रिमितीय दृश्याला हाताने काढलेल्या चित्रासारखी काळी रेघ द्यायची असेल, तर सगळ्यात सोयीचा मार्ग म्हणजे आधी दृश्य नेहमीसारखं रेंडर करायचं आणि मग पूर्ण पडद्यावर एक पास चालवून, जिथे डेप्थ किंवा नॉर्मल एकदम बदलतात तिथे शाई टाकायची. कल्पना जुनी आहे. साइटो आणि ताकाहाशी यांनी १९९० मध्ये प्रत्येक पिक्सेलची डेप्थ साठवून तिच्यावरून अशा रेघा काढण्याची पद्धत मांडली. आज युनिटी, अनरिअल किंवा गोडो यांपैकी कशातही ती तासाभरात उभी करता येते. दृश्य जवळचं असेल तोवर ती छान दिसते आणि कॅमेरा मागे गेला की बिघडते. लांबचा रस्ता काळा पडतो, खांबांच्या काड्या होतात, पायऱ्यांच्या जागी डांबराचा ठिपका उरतो.

हा लेख त्या लांबच्या दृश्याबद्दल आहे. उदाहरण युनिटीच्या युआरपीचं घेतो, कारण रोजचं काम त्यातच चालतं. गणित मात्र कुठल्याही इंजिनात तेच राहतं. डोळ्यांसमोर एकच दृश्य ठेवू: सरळ लांब रस्ता, कडेला १० सेंटिमीटर जाडीचे गोल खांब आणि टोकाला दगडी पायऱ्या. कॅमेरा माणसाच्या नजरेच्या उंचीवर, म्हणजे १.६ मीटरवर, समोर बघणारा. उभा दृष्टिकोन ६० अंश आणि पडद्याची उंची १०८० पिक्सेल.

या कॅमेऱ्याचा एक आकडा लक्षात ठेवावा लागेल. १०८० ला ३० अंशांच्या टॅन्जंटच्या दुपटीने भागलं की ९३५ येतात. याचा अर्थ असा, की कॅमेऱ्यापासून एक मीटरवर असलेली एक मीटरची वस्तू पडद्यावर ९३५ पिक्सेल घेते, १० मीटरवर ९३.५ आणि ५० मीटरवर १८.७. पुढचे सगळे निर्णय या 'एका मीटरला किती पिक्सेल' वरच घ्यायचे आहेत.

आधी रस्ता काळा का पडतो ते पाहू. पहिला शेडर लिहिताना बहुतेक जण मीटरमधली डेप्थ काढतात, शेजारच्या पिक्सेलशी तिचा फरक घेतात आणि तो अर्ध्या मीटरपेक्षा जास्त असेल तर रेघ मारतात. मीही तेच केलं होतं. पण सपाट रस्ता क्षितिजाकडे जाताना एकेका पिक्सेलमध्ये जास्त जास्त अंतर कापतो. क्षितिजाच्या ३० पिक्सेल खालची ओळ घ्या. तिथला रस्ता १.६ गुणिले ९३५ भागिले ३०, म्हणजे जवळपास ४९.९ मीटरवर आहे. एक ओळ वर ५१.६ मीटर, एक ओळ खाली ४८.३ मीटर. रस्त्यावर ना खड्डा ना पायरी, तरी दोन शेजारी पिक्सेलमध्ये पावणेदोन मीटरचा फरक. हिशेब केला तर साधारण २७ मीटरच्या पुढे हा फरक अर्ध्या मीटरच्या वर जातो, आणि तिथून पुढचा अख्खा रस्ता शाईने भरतो.

यावर नेहमीचा उपाय म्हणजे फरकाला डेप्थने भागणं. त्याने बरंच सुधारतं, पण रोग पुढे ढकलला जातो इतकंच. थ्रेशोल्ड पाच टक्के ठेवला, तर क्षितिजाखालच्या विसाव्या ओळीपासून, म्हणजे ७५ मीटरपासून रस्ता पुन्हा काळा. मग काही जण नॉर्मल आणि बघण्याची दिशा यांच्यातल्या कोनावरून थ्रेशोल्ड वाढवतात. ते चालतं, पण आणखी दोन नॉब वाढतात आणि कललेल्या छपरावरच्या खऱ्या रेघाही त्यात पुसल्या जातात.

मुळावर घाव घालायचा तर डेप्थऐवजी तिचा व्यस्त, `1/z`, वापरायचा. पर्स्पेक्टिव्ह कॅमेऱ्यात कुठल्याही सपाट पृष्ठभागाचं `1/z` पडद्यावर अगदी सरळ रेषेत बदलतं, पृष्ठभाग कितीही कललेला असो. जीपीयूचा डेप्थ बफर याच कारणाने `1/z` वर बेतलेला असतो. आपल्या रस्त्यावर क्षितिजाखाली y ओळींवर `1/z` म्हणजे y भागिले १४९६. आता शेजाऱ्याशी नुसता फरक घेण्याऐवजी दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांची बेरीज करा आणि तिच्यातून मधल्याची दुप्पट वजा करा. २९ अधिक ३१ उणे ६०. उत्तर शून्य. विसाव्या ओळीवरही शून्य, पाचव्या ओळीवरही शून्य. सपाट जमीन, भिंत, छप्पर या सगळ्यांवर ही किंमत आपोआप शून्य येते आणि कोनाची दुरुस्ती लागतच नाही. हेच गणित मीटरमधल्या डेप्थवर केलं, तर याच ओळीवर ११ सेंटिमीटर शिल्लक राहतात आणि क्षितिजाकडे ती शिल्लक वाढत जाते. म्हणून आधी डेप्थ 'सरळ' करून घ्यायची सवय इथे सोडावी लागते.

युनिटीत `1/z` मिळवणं तर आणखी स्वस्त आहे. `LinearEyeDepth` आतमध्ये हीच किंमत काढून तिने एकाला भागते. आपण तो भागाकार गाळायचा:

```hlsl
float W(float2 uv)
{
    float raw = SampleSceneDepth(uv);
    return _ZBufferParams.z * raw + _ZBufferParams.w; // 1/z
}
```

ऑर्थोग्राफिक कॅमेरा असेल तर हे लागू नाही. तिथे साधी डेप्थच पडद्यावर सरळ रेषेत बदलते, तेव्हा तीच घ्यायची.

आता मिळालेल्या किमतीला मधल्या पिक्सेलच्या `1/z` ने भागू, म्हणजे ती अंतराच्या प्रमाणात येईल. खांबाच्या कडेचा पिक्सेल घ्या. त्याच्या एका बाजूला खांबच आहे, दुसऱ्या बाजूला मागची भिंत, अंतर दहा टक्क्यांनी जास्त. उत्तर येतं उणे ०.०९. मागे आकाश असेल तर जवळपास उणे १. आणि आता कडेला लागून असलेला भिंतीचा पिक्सेल घ्या. त्याचा शेजारी त्याच्यापेक्षा जवळ आहे, म्हणून तिथे उत्तर अधिक येतं, ०.१.

चिन्हातला हा फरक म्हणजे या पद्धतीतली सगळ्यात मोलाची गोष्ट. उणे म्हणजे 'कड माझी आहे, मी पुढे आहे'. अधिक म्हणजे 'माझ्यापुढे दुसरं काही आहे'. फरकाचा वर्ग करणाऱ्या किंवा निरपेक्ष किंमत घेणाऱ्या शेडरमध्ये ही माहिती वाया जाते आणि रेघ दोन्ही बाजूंना सांडते. मी फक्त उणे बाजूला शाई टाकतो. रेघ जवळच्या वस्तूची, मागच्या भिंतीवर तिचा थेंबही नको. हा हट्ट का, ते जाडीकडे आलो की कळेल.

जाडीचा साधा प्रकार म्हणजे ठरावीक पिक्सेल. समजा, कडेपासून आत तीन पिक्सेलपर्यंत रेघ. ५ मीटरवर आपला खांब १८.७ पिक्सेल रुंद आहे, दोन बाजूंच्या मिळून सहा पिक्सेल शाई, म्हणजे सुमारे ३२ टक्के. सुंदर दिसतो. १० मीटरवर खांब ९.३५ पिक्सेलचा, शाई सहाच. १५ मीटरवर खांब ६.२ पिक्सेलचा, आणि तिथून पुढे खांबाचा स्वतःचा रंग दिसतच नाही. रस्त्याच्या कडेला वीस खांब असतील तर पुढचे दोन-तीन रंगीत आणि बाकीचे सगळे काळे. जाडी पडद्याशी बांधली की असं होणारच, कारण वस्तू लहान होते आणि रेघ होत नाही.

दुसरं टोक म्हणजे जाडी वस्तूशी बांधणं, जणू खांबाच्या कडेवर १.६ सेंटिमीटरचा काळा पट्टा रंगवला आहे. ५ मीटरवर तीन पिक्सेल, १० वर दीड, २० वर पाऊण, ५० वर ०.३. प्रमाण नेहमी ३२ टक्के. गणित बरोबर, पण दोन अडचणी येतात. पाऊण पिक्सेलची रेघ काढायची कशी, ही पहिली. आणि दुसरी रुचीची: २० मीटरवरच रेघ इतकी फिकट होते की चित्राचा हाताने काढलेला बाज निघून जातो.

दुसऱ्या अडचणीवर मधला रस्ता आहे. जाडी अंतराच्या व्यस्त प्रमाणात न ठेवता त्या प्रमाणाचा घात घ्यायचा. घात शून्य असेल तर जाडी पडद्याशी बांधलेली, एक असेल तर वस्तूशी. मी ०.६ पासून सुरुवात करतो. ५ मीटरवर तीन पिक्सेल ठेवले तर १० मीटरवर २, २० वर १.३, ५० वर ०.७५ आणि १०० वर ०.५ येतात. मधल्या अंतरावर रेघ टिकते आणि लांब गेल्यावर हळूहळू सुटते. हा एकच आकडा चित्रकाराच्या हातात द्यावा. बाकीचे त्याला दिसूही नयेत असं माझं मत आहे.

मात्र घात अंतराचा घेऊ नका, दिसणाऱ्या आकाराचा घ्या. खेळात दुर्बीण असेल आणि दृष्टिकोन ६० वरून १५ अंशांवर आला, तर अंतर तेच राहून खांब पडद्यावर ४.४ पट मोठा होतो. जाडी नुसत्या अंतरावर बेतली असेल तर मोठ्या खांबावर केसासारखी रेघ उरते. प्रोजेक्शन मॅट्रिक्समधली `_m11` ही किंमत `1/z` ने गुणली की दोन्ही गोष्टी एकत्र येतात. ६० अंश आणि ५ मीटरला हा गुणाकार ०.३४६ आहे, तोच आपला मापदंड.

पाऊण पिक्सेलच्या अडचणीकडे येऊ. डेप्थ टेक्स्चर पॉइंट सॅम्पलिंगने वाचायचं असतं. बायलिनियर केलं तर खांब आणि भिंत यांच्या मधोमध हवेत तरंगणारी, अस्तित्वातच नसलेली डेप्थ मिळते. पण पॉइंट सॅम्पलिंगमध्ये १.४ पिक्सेलवरचा शेजारी मागितला की एक किंवा दोन पिक्सेलवरचाच मिळतो. कॅमेरा संथपणे पुढे सरकतो तेव्हा रेघ एकाची दोन पिक्सेल होताना टचकन उडी मारते, आणि ही उडी खांबाच्या उंचीवर वेगवेगळ्या जागी होते. स्थिर चित्रात हे दिसत नाही. चालत्या चित्रात डोळा फक्त तिकडेच जातो.

उपाय असा: शेजारी नेहमी पूर्ण पिक्सेलवरचेच घ्यायचे, एक, दोन आणि तीन, आणि प्रत्येक फेरीला किती शाई द्यायची ते जाडीवरून ठरवायचं. जाडी १.४ असेल तर पहिल्या फेरीला पूर्ण, दुसरीला ४० टक्के, तिसरीला काही नाही. कडेला लागून असलेला पिक्सेल पहिल्याच फेरीत सापडतो आणि पूर्ण काळा होतो. त्याच्या आतला दुसऱ्या फेरीत सापडतो आणि ४० टक्के काळा होतो. जाडी १.४ वरून १.५ झाली तर तो ५० टक्के होईल. उडी नाहीच.

```hlsl
float2 px = _BlitTexture_TexelSize.xy;
float  m  = unity_CameraProjection._m11;
float  c  = max(W(uv), 1e-6);
float  width = min(_Width * pow(m * c / 0.346, _Falloff), 3.0);
float  ink = 0, front = 0;

for (int i = 1; i <= 3; i++)
{
    float2 o = px * i;
    float lx = (W(uv - float2(o.x,0)) + W(uv + float2(o.x,0))) / c - 2.0;
    float ly = (W(uv - float2(0,o.y)) + W(uv + float2(0,o.y))) / c - 2.0;
    float e  = smoothstep(_T, 2.0 * _T, -min(lx, ly));
    ink = max(ink, e * saturate(width - (i - 1)));
    if (i == 1) front = max(lx, ly);
}
```

`saturate(width - (i - 1))` या तुकड्यातून आणखी एक फायदा आपोआप मिळतो. जाडी एकाच्या खाली गेली की पहिल्या फेरीचं वजनच जाडीइतकं होतं. ०.३ पिक्सेलची रेघ म्हणजे एक पिक्सेल, ३० टक्के काळा. ५० मीटरवर खांब १.८७ पिक्सेलचा, दोन्ही पिक्सेलवर ३० टक्के शाई, म्हणजे वस्तूशी बांधलेल्या जाडीत ५ मीटरवर जे प्रमाण होतं तेच इथेही राहतं. लांबच्या रेघांसाठी वेगळं फेड लिहायची गरज पडत नाही.

आता त्या हट्टाचं कारण. `width` मधल्या पिक्सेलच्या डेप्थवरून निघते. रेघ फक्त जवळच्या बाजूला असेल तर मधला पिक्सेल खांबाचाच असतो, म्हणून जाडी खांबाच्या अंतराची येते. रेघ दोन्ही बाजूंना काढली असती, तर खांबाच्या अंगावर तीन पिक्सेल, ५० मीटरवरच्या भिंतीच्या अंगावर ०.७५ आणि आकाशाच्या अंगावर जवळपास शून्य अशी ती आली असती. चालताना खांबामागून भिंत सरून आकाश आलं की त्याच खांबाची रेघ बारीक झाली असती. शेजाऱ्यांतली सगळ्यात जवळची डेप्थ शोधून हा दोष झाकता येतो, पण जाडी कळल्याशिवाय किती लांबचे शेजारी शोधायचे ते कळत नाही, आणि शेजारी शोधल्याशिवाय जाडी कळत नाही. एका बाजूच्या रेघेत हा गुंताच उद्भवत नाही.

धुक्याचंही तसंच. युआरपीत धुकं वस्तूच्या शेडरमध्येच लागतं. आपली शाई त्यानंतर पडते, म्हणून लांबच्या धूसर टेकडीवर कुळकुळीत रेघ दिसते. शाईचा रंग त्याच पिक्सेलच्या डेप्थप्रमाणे धुक्याच्या रंगाकडे न्यायचा. शाई वस्तूच्याच अंगावर असल्यामुळे ती डेप्थ बरोबर असते.

एका बाजूच्या रेघेचा तोटाही सांगायला हवा. वस्तूचा आकार आतून खाल्ला जातो. जवळून बघताना पात्राच्या बोटांसारखे किंवा तारेसारखे बारीक भाग शाईने भरू शकतात. तसं होत असेल तर `_Width` कमी करा, रेघ बाहेर हलवू नका.

थ्रेशोल्ड `_T` मी ०.०४ ठेवतो. ३ मीटरवर भिंतीपासून ३० सेंटिमीटर पुढे उभा असलेला माणूस ०.०९ देतो, त्याची रेघ येते. तोच माणूस, तेवढंच अंतर सोडून, ३० मीटरवर ०.०१ देतो आणि भिंतीत मिसळतो. हे मला मान्य आहे. लांबचं चित्र काढताना चित्रकारही तिथे रेघ ओढत नाही. पण खेळात लांबचा शत्रू ओळखू येणं गरजेचं असेल, तर पात्रांसाठी वेगळा मास्क काढून त्यांच्यावर थ्रेशोल्ड कमी करावा लागेल.

खांबाच्या बुंध्याशी वाकून बघितलं की डेप्थची मर्यादा दिसते. खांबाच्या माथ्याशी मागे आकाश आहे, रेघ ठसठशीत. खाली येताना मागचा रस्ता खांबाच्या जवळ जवळ येतो, किंमत घटत जाते आणि जमिनीला टेकतो तिथे रेघ विरून जाते. तिथे डेप्थमध्ये उडीच नाही, फक्त दिशा बदलते. नॉर्मल हवी ती इथे, आणि पायऱ्यांच्या कोपऱ्यांसाठी.

```hlsl
float3 n  = SampleSceneNormals(uv);
float  nx = dot(n, SampleSceneNormals(uv + float2(px.x, 0)));
float  ny = dot(n, SampleSceneNormals(uv + float2(0, px.y)));
float  ppm = 0.5 * _BlitTexture_TexelSize.w * m * c;

float crease = smoothstep(0.1, 0.25, 1.0 - min(nx, ny));
crease *= step(front, _T) * smoothstep(20.0, 40.0, ppm);
ink = max(ink, crease * saturate(width));
```

उजव्या आणि वरच्या शेजाऱ्याशीच तुलना आहे, म्हणून रेघ कोपऱ्याच्या एकाच बाजूला आणि एकच पिक्सेल जाड येते. आतली रेघ बाहेरच्या रेघेपेक्षा बारीक असावी, हे मला चित्राच्या दृष्टीनेही पटतं. ०.१ ते ०.२५ म्हणजे साधारण २६ ते ४१ अंशांचा कोन. `step(front, _T)` मुळे, ज्या पिक्सेलच्या पुढे दुसरी वस्तू आहे तो गप्प राहतो, नाहीतर खांबाची नॉर्मल आणि भिंतीची नॉर्मल वेगळी म्हणून भिंतीच्या अंगावर पुन्हा शाई पडली असती.

शेवटचा `smoothstep` मात्र नीट समजून घ्यावा, कारण लांबचा काळा ठिपका बहुतेक वेळा डेप्थचा नसून नॉर्मलचा असतो. पायरी १५ सेंटिमीटर उंच आहे. ६० मीटरवर एका मीटरला १५.६ पिक्सेल, म्हणजे पायरीला २.३. प्रत्येक पायरीच्या दोन कोपऱ्यांना एकेक रेघ दिली, तर २.३ पिक्सेलमध्ये दोन पिक्सेल शाई. रेघेची जाडी कितीही कमी केली तरी इथे दोष जाडीचा नाही, रेघांच्या दाटीचा आहे. म्हणून आतल्या रेघा बाहेरच्या रेघांच्या आधी सोडून द्यायच्या. पायरीला सहा पिक्सेल मिळत असेपर्यंत, म्हणजे एका मीटरला ४० पिक्सेल असेपर्यंत त्या पूर्ण राहतात. आपल्या कॅमेऱ्यात हे अंतर २३ मीटर येतं. तीन पिक्सेलवर, म्हणजे ४७ मीटरवर, त्या पूर्ण मावळतात.

गोल वस्तूंनाही हा फेड लागतो. जवळून गोल खांबावर शेजारच्या पिक्सेलमधल्या नॉर्मल दहा-पंधरा अंशांनीच फिरतात, रेघ येत नाही. २५ मीटरवर खांब चार पिक्सेलपेक्षाही कमी रुंद आहे, आणि त्या तीन-चार पिक्सेलमध्ये अर्धवर्तुळ बसवायचं म्हणजे एका पावलात ३५ अंश. गोलाकार वस्तू लहान झाली की नॉर्मलच्या नजरेत ती चौकोनी होते, आणि खांबाच्या मध्यातून एक भलतीच रेघ उभी राहते. तुमच्या दृश्यात अशी रेघ दिसली तर कोनाचा थ्रेशोल्ड वाढवण्याआधी २० आणि ४० हे आकडे वाढवून बघा.

आता हे बसवताना कुठे अडतं ते. रेंडररमध्ये फुल स्क्रीन पास जोडताना त्याला डेप्थ आणि नॉर्मल दोन्ही मागावी लागतात, आणि तो पारदर्शक वस्तूंच्या आधी ठेवावा. काच किंवा पाणी डेप्थमध्ये लिहीत नाही. पास नंतर ठेवला तर काचेमागच्या खुर्चीची रेघ काचेच्या पुढे चिकटल्यासारखी दिसते. शिवाय आधी ठेवल्याने टीएए किंवा एफएक्सएए नंतर चालतात आणि रेघांचे दाते मोडतात.

एखाद्या वस्तूच्या आरपार मागच्या भिंतीच्या रेघा दिसत असतील, तर त्या वस्तूचा शेडर तुमच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या हाताने लिहिलेला आहे का ते बघा. त्यात `DepthNormals` नावाचा पास नसेल, तर नॉर्मल मागितल्यावर ती वस्तू डेप्थ आणि नॉर्मल टेक्स्चरमध्ये येतच नाही. माझा अर्धा दिवस एका डोलणाऱ्या गवताच्या शेडरमुळे गेला होता. गवत पडद्यावर होतं, डेप्थ टेक्स्चरमध्ये नव्हतं, आणि मी थ्रेशोल्ड हलवत बसलो होतो.

विटांच्या भिंतीवर जाळीसारख्या रेघा उमटल्या तर कारण नॉर्मल मॅप. युआरपीचा लिट शेडर नॉर्मल टेक्स्चरमध्ये नॉर्मल मॅपसह दिशा लिहितो. अशा मटेरियलवरचा नॉर्मल मॅप काढणं मला कोनाचा थ्रेशोल्ड वाढवण्यापेक्षा बरं वाटतं, कारण थ्रेशोल्ड वाढवला की कमी कोनाचे खरे कोपरेही जातात.

लांबच्या सपाट जमिनीवर ठिपके किंवा पट्टे थरथरत असतील तर डेप्थची अचूकता संपली आहे. आपण शून्य येतं म्हटलं ते गणितात. १६ बिटांच्या डेप्थ बफरमध्ये प्रत्येक वाचन अर्ध्या पायरीने चुकू शकतं आणि दोन शेजारी व दुप्पट धरलेला मधला पिक्सेल यांची मिळून चूक दोन पायऱ्यांपर्यंत जाते. कॅमेऱ्याचं निअर प्लेन ०.३ मीटर असेल तर ही चूक साधारण ४०० मीटरवर आपल्या ०.०४ च्या थ्रेशोल्डला गाठते. हातातली बंदूक कापली जाते म्हणून कुणी निअर ०.०५ केलं, तर तीच सीमा ६५ मीटरवर येते. शक्य तिथे ३२ बिटांचा बफर घ्या आणि निअर प्लेनला विनाकारण हात लावू नका.

४के पडद्यावर तीन पिक्सेल म्हणजे १०८० च्या मानाने दीडच. तिथे `_Width` दुप्पट करून फेऱ्या सहा कराव्या लागतात आणि कमाल जाडीही सहावर न्यावी लागते. प्रत्येक फेरीला डेप्थची चार वाचनं आहेत, म्हणून फोनवर मी उलट दोनच फेऱ्या ठेवतो आणि कमाल जाडी दोनवर आणतो.

तपासायला एक रंगीत दृश्य कायम हाताशी ठेवा: पहिल्या फेरीची किंमत उणे असेल तर लाल, अधिक असेल तर निळी, शून्य असेल तर काळी. सपाट जमीन आणि भिंती काळ्या दिसायला हव्यात. प्रत्येक कडेला जवळच्या बाजूला लाल आणि मागच्या बाजूला निळी अशी जोडी दिसायला हवी. रस्त्यावर हळूहळू गडद होत जाणारा रंग दिसला तर कुठेतरी `1/z` ऐवजी मीटरमधली डेप्थ वापरली गेली आहे. विखुरलेले दाणे दिसले तर अचूकतेचा प्रश्न आहे. मग खांबासमोर ५ मीटरवर उभं राहा आणि कॅमेरा सावकाश, एका संथ गतीने १०० मीटरपर्यंत मागे न्या. कुठेही उडी दिसली तर फेऱ्यांचं वजन तपासा, पायऱ्या काळवंडल्या तर २० आणि ४०, आणि सगळंच लवकर फिकट झालं तर ०.६ चा घात ०.५ करा.

एवढं केल्यावरही टेबलावर ठेवलेल्या कागदाला रेघ मिळणार नाही. कागदाची डेप्थ टेबलापेक्षा नगण्य वेगळी आणि नॉर्मल तंतोतंत तीच. अशा ठिकाणी तिसरं टेक्स्चर लागतं, ज्यात प्रत्येक भागाला वेगळा सपाट रंग दिलेला असतो आणि रंग बदलला की रेघ येते. लुकस पोप यांच्या २०१८ च्या 'रिटर्न ऑफ द ओब्रा डिन' मधल्या रेघा अशाच रंगांच्या भागांवरून निघतात. ते टेक्स्चर जोडलं तर त्या रेघेलाही आपलीच `width` आणि तोच `front` लावा. म्हणजे टेबलाच्या कडेची रेघ आणि कागदाची रेघ मागे जाताना एकाच चालीने बारीक होतील.